थेट दुभाष्यासाठी सादरीकरणावरून टिपण तयार करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील बहुतेक उदाहरणे एकाच सादरीकरणातील आहेत. विषय होता लसींची शीतसाखळी, म्हणजे कारखान्यापासून लाभार्थ्यापर्यंत लस ठरलेल्या तापमानात कशी राखायची हा. वक्त्या इंग्रजीत बोलणार होत्या आणि सभागृह हेडफोनवर मराठीत ऐकणार होते. एकूण 28 स्लाइड, 40 मिनिटांचे भाषण, त्यानंतर 20 मिनिटांची प्रश्नोत्तरे आणि बूथमध्ये दोन दुभाषी अशी रचना होती. दुभाष्यांसाठीचे टिपण मी तयार केले होते. त्यात काय उपयोगी पडले आणि काय चुकले, हे पुढे जसे घडले तसे सांगितले आहे.

संपूर्ण सादरीकरण दुभाष्यांना पाठवले आहे. मग वेगळे टिपण कशासाठी?

स्लाइडवर जे छापलेले आहे ते दुभाषी स्वतः वाचू शकतात. त्यांची अडचण होते ती स्लाइडवर नसलेल्या गोष्टींची. आमच्या सादरीकरणात नवव्या स्लाइडवर एका छायाचित्राखाली चार शब्द होते आणि त्या चार शब्दांवर वक्त्या सहा मिनिटे बोलणार होत्या. सतराव्या स्लाइडवर मात्र बारा ओळींचा भरगच्च तक्ता होता आणि तो 'छापील प्रतीत सावकाश पाहा' एवढेच म्हणून त्या पुढे जाणार होत्या. केवळ फाइल हाती असलेल्या दुभाष्याने आदल्या रात्री तासभर त्या तक्त्यावर घालवला असता आणि नववी स्लाइड नजरेखालून घालून सोडून दिली असती. यात त्याची चूक काहीच नसती, कारण कोणत्या स्लाइडवर किती बोलले जाणार हे फाइलमधून कळतच नाही.

म्हणून टिपणाचा मजकूर सादरीकरणातून उचलायचा नसतो, तो वक्त्याकडून काढून घ्यायचा असतो. मी वक्त्यांशी अर्धा तास फोनवर बोलले आणि प्रत्येक स्लाइडला एकच प्रश्न विचारला: 'इथे तुम्ही काय म्हणणार आहात, जे इथे लिहिलेले नाही?' टिपणाचा निम्म्याहून अधिक भाग या उत्तरांतून तयार झाला.

टिपण किती मोठे असावे आणि केव्हा पाठवावे?

तीन पाने पुरतात: एक संज्ञांचे, एक ओघाचे आणि एक अवघड स्लाइडचे. बूथमध्ये बसलेल्या माणसाच्या कानात वक्त्याचा आवाज असतो, तोंडाने तो बोलत असतो आणि नजर पडद्यावर असते. चौथे पान उलटायला त्याला हात आणि डोळे मोकळे नसतात. आठवडाभर आधी पाठवता आले तर उत्तम. कच्चे टिपण पाच दिवस आधी पाठवणे हे पक्के टिपण आदल्या संध्याकाळी पाठवण्यापेक्षा कितीतरी चांगले, कारण दुभाष्यांना शंका विचारायला आणि त्या शंका वक्त्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

संज्ञांच्या यादीत काय घ्यावे? सादरीकरणातील सगळेच पारिभाषिक शब्द घ्यावेत का?

सगळे घेऊ नयेत. माझ्या पहिल्या यादीत एकशे दहा शब्द होते आणि ती निरुपयोगी होती, कारण तिच्यातील तीन चतुर्थांश शब्द कोणत्याही सराईत दुभाष्याला येतच असतात. 'रेफ्रिजरेटर' किंवा 'थर्मामीटर' यादीत घातल्याने खरे धोक्याचे शब्द त्या गर्दीत हरवतात. अखेरीस चौतीस शब्द ठेवले. निवडताना कसोटी एकच लावली: विषय न जाणणारा पण हुशार दुभाषी या शब्दाला चुकीचा आणि तरीही पटण्यासारखा प्रतिशब्द देईल का? उत्तर 'होय' असेल तर तो शब्द यादीत घ्यायचा.

उदाहरणार्थ, 'कंडिशन्ड आइस पॅक' या शब्दप्रयोगात 'कंडिशन्ड' ऐकताच 'वातानुकूलित' तोंडावर येऊ शकते. प्रत्यक्षात अर्थ असा आहे की गोठवलेला आइस पॅक बाहेर काढून ठेवायचा आणि हलवल्यावर आत पाण्याचा आवाज येऊ लागला की मगच तो लसीच्या डब्यात ठेवायचा. नाहीतर त्याला टेकलेली लस गोठते. यादीत मी 'बर्फ सुटू लागलेला आइस पॅक' असे लिहिले आणि शेजारी हे कारण एका वाक्यात दिले. कारण कळले की दुभाष्याला शब्द पाठ करावा लागत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. लसीकरणानंतर घडलेल्या कोणत्याही अनिष्ट घटनेची नोंद केली जाते. ती लसीमुळेच घडली असे त्या नोंदीतून सूचित होत नाही, ते चौकशीनंतर ठरते. वक्त्या जाणीवपूर्वक 'अॅडव्हर्स इव्हेंट' म्हणणार होत्या. दुभाष्याने तिथे 'दुष्परिणाम' म्हटले असते तर वक्त्यांनी मुद्दाम टाळलेले विधान श्रोत्यांच्या कानात त्यांच्याच नावावर गेले असते. म्हणून यादीत 'लसीकरणानंतरची अनिष्ट घटना' हा शब्द दिला आणि पुढे 'येथे "दुष्परिणाम" म्हणू नये' अशी स्पष्ट सूचना लिहिली. काय म्हणू नये हे सांगणारा रकाना बहुतेक याद्यांमध्ये नसतो. माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा.

एकाच शब्दाचे दोन अर्थ किंवा दोन शब्दांचा एकच प्रतिशब्द होत असेल तर?

अशा जोड्या यादीत शेजारीशेजारी ठेवाव्यात. वर्णानुक्रमाने लावल्यास त्या एकमेकींपासून दुरावतात आणि गोंधळ नेमका जिथे आहे तिथेच दिसेनासा होतो. आमच्या सादरीकरणात 'कंट्रोल' हा शब्द पाचव्या स्लाइडवर तापमानाच्या नियंत्रणासाठी होता, तर एकविसाव्या स्लाइडवर तुलनेसाठी मुद्दाम गोठवलेल्या कुपीसाठी. दुसऱ्या ठिकाणी 'नियंत्रण कुपी' असे भाषांतर झाले असते तर कोणालाच काही कळले नसते. आम्ही तिथे 'तुलनेची कुपी' ठरवले.

उलट प्रकारही होता. 'एफिकसी' म्हणजे लसीचा काटेकोर चाचणीत दिसलेला परिणाम आणि 'इफेक्टिव्हनेस' म्हणजे प्रत्यक्ष वापरात दिसणारा परिणाम. मराठीत दोन्हींसाठी सर्रास 'परिणामकारकता' म्हटले जाते. वक्त्यांचे एक वाक्य या दोहोंतील फरकावरच उभे होते: शीतसाखळी तुटली की दुसरी घसरते, पहिली कागदावर तशीच राहते. दोन्हीकडे एकच शब्द आला असता तर वाक्य अर्थहीन झाले असते. 'चाचणीतील परिणामकारकता' आणि 'प्रत्यक्ष वापरातील परिणामकारकता' हे शब्द लांब आहेत, पण तेवढी लांबी सोसावीच लागते.

प्रतिशब्द कोणी ठरवायचे, आयोजकांनी की दुभाष्यांनी?

अर्थ आयोजकांनी द्यावा आणि शब्द दुभाष्यांनी निवडावा. याला एक अपवाद आहे. श्रोते रोजच्या कामात एखादा शब्द वापरतच असतील तर तो यादीत 'श्रोते हाच शब्द वापरतात' अशा नोंदीसह द्यावा. आमच्या श्रोत्यांत प्रत्यक्ष लस हाताळणारे कर्मचारी होते आणि ते 'व्हॅक्सिन कॅरियर' असेच म्हणत. तिथे शुद्ध मराठी शब्द घडवणे म्हणजे त्यांना त्यांच्याच डब्यापासून तोडणे झाले असते. संक्षेपांसाठीही तीच पद्धत ठेवावी: संक्षेप उच्चारायचा की पूर्ण रूप सांगायचे, हे प्रत्येकाच्या पुढे लिहावे. व्यक्तींची आणि संस्थांची नावे वक्ता जशी उच्चारतो तशी देवनागरीत लिहून द्यावीत.

ओघाच्या पानावर नेमके काय लिहायचे? स्लाइडची शीर्षके पुरत नाहीत का?

शीर्षकांवरून स्लाइड कशाविषयी आहे हे कळते. ती आधीच्या स्लाइडला कशी जोडलेली आहे, हे त्यांवरून कळत नाही आणि भाषांतर करताना तो जोडच हातातून निसटतो. दुभाषी वक्त्याच्या काही सेकंद मागून चालतो. वाक्य कुठे वळणार आहे याचा अंदाज असेल तर त्याला तेवढे मागे राहणे परवडते. अंदाज नसेल तर तो शब्दाला शब्द धरू लागतो आणि मराठी वाक्य मोडते.

म्हणून मी ओघ पाच टप्प्यांत मांडला आणि प्रत्येक टप्प्याला स्लाइडचे क्रमांक, अंदाजे मिनिटे आणि एक पूर्ण वाक्य दिले. दुसऱ्या टप्प्याचे वाक्य असे होते: 'स्लाइड 6 ते 12, सुमारे 14 मिनिटे: सगळे जण लस गरम होण्याला घाबरतात, पण वक्त्यांचे म्हणणे असे की लस चुकून गोठण्याकडे दुर्लक्ष होते, आणि नवव्या स्लाइडवरील छायाचित्र हा त्याचा पुरावा आहे.' हे वाचलेल्या दुभाष्याला सहाव्या स्लाइडवर उष्णतेबद्दल ऐकतानाच ठाऊक असते की हे सारे पुढे उलटवले जाणार आहे, आणि तो तिथे आवाजातून निष्कर्षाचा ठसा उमटवत नाही.

याच पानावर आणखी एक गोष्ट नोंदवावी. समकालिक भाषांतरात दोन दुभाषी साधारण 20 ते 30 मिनिटांनी आळीपाळीने माइक घेतात. सलग एकट्याने केल्यास अचूकता ढासळते. टप्पा कुठे संपतो हे ठाऊक असल्यास ते युक्तिवादाच्या मध्येच अदलाबदल करत नाहीत. आमच्याकडे चौदावी स्लाइड विभागाचे शीर्षक दाखवणारी होती. अदलाबदलीसाठी ती सोयीची आहे, एवढेच लिहिले. निर्णय त्यांचा होता.

अवघड स्लाइड कशा ओळखायच्या?

पाहायला किचकट असलेली स्लाइड दुभाष्यासाठी अवघड असेलच असे नाही, आणि अगदी साधी दिसणारी स्लाइड त्याला अडकवू शकते. मी सादरीकरण पुन्हा एकदा केवळ कानाने 'ऐकत' पाहते: पडदा झाकला तर वक्त्याच्या वाक्याचा अर्थ लागेल का? 'हे इथे बघा', 'हा त्याच्यापेक्षा गडद आहे', 'डावीकडची चालेल, ही नाही' अशी वाक्ये आली की ती स्लाइड यादीत जाते.

आमची सर्वांत अवघड स्लाइड अठरावी होती. लसीच्या कुपीवर उष्णतेची नोंद ठेवणारी एक खूण असते. एका वर्तुळात एक चौकोन असतो आणि उष्णता जसजशी लागत जाते तसतसा चौकोन गडद होत जातो. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल आणि मुदत उलटलेली नसेल तर कुपी वापरता येते. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन अधिक गडद झाला की ती टाकून द्यायची. स्लाइडवर अशा चार खुणा एका ओळीत होत्या आणि वक्त्या लेझरने एकेक दाखवणार होत्या. बूथमधील मॉनिटरवर संगणकातून थेट येणारे चित्र दिसते. पडद्यावर पडणारा लेझरचा ठिपका त्या चित्रात नसतो. म्हणजे वक्त्या 'ही' म्हणाल्या की दुभाष्याला कोणती ते कळणार नाही. टिपणातील नोंद अशी होती:

'स्लाइड 18. चार खुणा, डावीकडून उजवीकडे. पहिल्या दोन वापरण्यायोग्य, तिसरी आणि चौथी टाकून देण्याजोगी. वक्त्या क्रमांक न सांगता "ही" म्हणण्याची शक्यता आहे. क्रम मात्र डावीकडून उजवीकडेच राहील. खूण केवळ उष्णता दाखवते, गोठणे दाखवत नाही. हे वाक्य पुढील स्लाइडचा पाया आहे.'

त्यासोबत वक्त्यांनाही विनंती केली की 'ही'ऐवजी 'पहिली', 'दुसरी' असे म्हणावे. टिपण तयार करताना वक्त्याकडून असा छोटासा बदल करून घेता आला तर तो दुभाष्याच्या तासाभराच्या तयारीइतका उपयोगी पडतो.

सादरीकरण पीडीएफ करून पाठवले तर चालते का?

पाठवावे, पण अॅनिमेशन असलेल्या स्लाइड वेगळ्या सांगाव्यात. पीडीएफमध्ये स्लाइडची अंतिम स्थिती दिसते. एकामागून एक येणारे सगळे घटक एकाच वेळी, कधी एकमेकांवर चढलेले, छापले जातात. हा धडा मला याच सादरीकरणात मिळाला. अठराव्या स्लाइडवर वक्त्या आधी श्रोत्यांना विचारणार होत्या की यातील कोणत्या कुप्या टाकाल, आणि थांबून मग उत्तर दाखवणार होत्या. पीडीएफमध्ये तिसऱ्या आणि चौथ्या खुणेवर लाल फुल्या आधीच होत्या. वर दिलेल्या नोंदीत मीही फक्त उत्तर लिहिले होते, प्रश्नाचा उल्लेख केला नव्हता. वक्त्यांनी प्रश्न विचारला, घाईत असलेल्या दुभाष्याने प्रश्नाला जोडून उत्तरही सांगून टाकले, आणि हेडफोन लावलेल्या अर्ध्या सभागृहाने हात वर करण्याआधीच ते ऐकले. दोष सर्वस्वी माझ्या टिपणाचा होता. तेव्हापासून अशा स्लाइडच्या नोंदीत मी क्लिकचा क्रम लिहिते: 'पहिली क्लिक, प्रश्न; वक्ता थांबतो; दुसरी क्लिक, उत्तर.'

लपवलेल्या स्लाइडकडेही लक्ष द्यावे. त्या पडद्यावर येत नाहीत, पण आपला क्रमांक राखून ठेवतात, त्यामुळे अकरानंतर थेट तेरा दिसते आणि छापील प्रत चाळणारा गोंधळतो. टिपणातील क्रमांक पडद्यावर दिसणारेच असावेत आणि प्रत्येक स्लाइडवर क्रमांक छापलेला असावा.

आकड्यांचे काय करावे?

आकड्याचा पूर्वसंदर्भातून अंदाज बांधता येत नाही, म्हणून तो ऐकताक्षणी पकडावा लागतो आणि त्यासाठी दुभाषी बाकीचे वाक्य क्षणभर सोडतो. इंग्रजीतून मराठीत येताना त्यात मोजणीच्या पद्धतीतील फरकाची भर पडते. 3.2 मिलियन म्हणजे 32 लाख आणि 1.4 बिलियन म्हणजे 140 कोटी, हे रूपांतर बोलता बोलता करणे जोखमीचे असते. मी सादरीकरणातील सर्व मोठे आकडे स्लाइडनिहाय आधीच रूपांतरित करून देते.

टक्क्यांबाबत एक सापळा आहे. गळतीचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर आले तर घट 4 टक्के-अंकांची असते, पण मूळ गळतीच्या तुलनेत ती एक तृतीयांश असते. वक्ता यांपैकी कोणते म्हणणार हे विचारून लिहावे. 'चार टक्क्यांनी घटली' हे वाक्य कानाला बरोबर वाटते, म्हणून ही चूक कोणाच्याच लक्षात येत नाही.

व्हिडिओ, विनोद किंवा अवतरणे असतील तर?

व्हिडिओचा संवाद लेखी द्यावा आणि त्याचा आवाज बूथच्या हेडफोनपर्यंत पोचतो का, हे तंत्रज्ञाकडून आधी तपासून घ्यावे. सभागृहातील स्पीकरवरून ऐकून भाषांतर करता येत नाही. अवतरणाचे मान्य मराठी भाषांतर उपलब्ध असेल तर ते जोडावे. शब्दांच्या खेळावर आधारलेल्या विनोदाबद्दल 'येथे कोटी आहे' एवढे आधी सांगितले तरी दुभाष्याचे काम भागते.

वक्ता फार भरभर बोलतो. हे टिपणात लिहावे का?

अवश्य लिहावे, आणि कुठे तेही लिहावे. बहुतेक वक्ते सरसकट भरभर बोलत नाहीत. स्लाइडवरील मजकूर वाचून दाखवताना त्यांचा वेग वाढतो, कारण वाचताना विचार करायला थांबावे लागत नाही. न्यूरेंबर्ग खटल्यात 1945 मध्ये समकालिक भाषांतर वापरले गेले तेव्हा वक्त्यासमोर दिवे बसवले होते: पिवळा लागला की सावकाश बोलायचे आणि तांबडा लागला की थांबायचे. आज तशी व्यवस्था क्वचितच असते. पहिल्या रांगेत एक माणूस बसवून हाताची खूण ठरवली तरी काम होते. वक्त्याला आणखी एक सांगावे: स्लाइड बदलण्याआधी दोन सेकंद थांबा, कारण तुमचे वाक्य संपते तेव्हा त्याचे भाषांतर अजून चालू असते.

प्रश्नोत्तरांची तयारी टिपणात कशी करावी?

इथे दिशा उलटते. श्रोते मराठीत विचारतात आणि दुभाष्याला इंग्रजीत सांगायचे असते. मराठी वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतात. 'गावात पोचल्यावर खूण तपासली तेव्हा चौकोन वर्तुळाइतका गडद झालेला दिसला' इथपर्यंत ऐकूनही पुढे 'होता' येणार की 'नव्हता', हे कळत नाही. लांबलचक प्रश्नात दुभाष्याला फार वेळ थांबून राहावे लागते. म्हणून संभाव्य चार-पाच प्रश्न आणि वक्त्यांच्या उत्तरांची दिशा मी ओघाच्या पानाखाली देते. ते प्रश्न वक्त्यांनाच विचारून घेतलेले असतात, कारण मागच्या सभांत काय विचारले गेले हे त्यांना चांगले आठवते.

शेवटच्या क्षणी स्लाइड बदलल्या तर?

नवी फाइल नुसती पाठवू नये. काय बदलले याची यादी संदेशाच्या पहिल्या ओळीतच द्यावी: 'स्लाइड 7 मधील आकडा बदलला, 15 काढली, त्यापुढील सर्व क्रमांक एकाने मागे.' मग टिपणातील क्रमांकही त्याच वेळी दुरुस्त करावेत. हे न झाल्यास टिपण मदत करण्याऐवजी दिशाभूल करते. फाइलच्या नावात तारीख आणि वेळ घालावी.

समकालिक भाषांतराऐवजी वक्ता थांबत थांबत बोलणार असेल तर हेच टिपण चालेल का?

संज्ञांचे पान तसेच चालेल. ओघाच्या पानावर मात्र वक्ता कुठे कुठे थांबणार, याच्या जागा ठरवाव्या लागतील. शिवाय एकूण वेळ जवळजवळ दुप्पट लागेल, हे वक्त्याला आणि सूत्रसंचालकाला आधीच सांगावे. नाहीतर शेवटच्या दहा स्लाइड घाईत उरकल्या जातात.

टिपण उपयोगी पडले का, हे कसे कळते?

दुभाष्यांची संज्ञांची प्रत परत मागून घ्यावी. आमच्या यादीत चौतीसपैकी सात शब्दांपुढे त्यांनी पेन्सिलीने आपले शब्द लिहिले होते आणि यादीत नसलेले पाच शब्द खाली नोंदवले होते. ते पाचही शब्द प्रश्नोत्तरांत आले होते. श्रोत्यांनी लस गोठली का हे ओळखण्याच्या चाचणीबद्दल विचारले. कुपी हलवून तुलनेच्या कुपीशेजारी ठेवायची आणि साका किती वेगाने खाली बसतो ते पाहायचे, अशी ती चाचणी. त्यातील 'साका' हा शब्द एका कर्मचाऱ्याने उच्चारला आणि दुभाष्याने तो टिपून घेतला. मी माझ्या यादीत त्याला 'अवक्षेप' म्हटले होते. पुढच्या सभेसाठीच्या यादीत आता 'साका' आहे.